अनोळखी अभ्यासकाला पहिला मेसेज लिहिण्याआधी

राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात मी काम करते. गेल्या काही वर्षांत इथे येणाऱ्या मुलामुलींचं एक काम वाढलंय. कुणाला कातळशिल्पांवर लिहिणाऱ्या अभ्यासकाशी बोलायचं असतं, कुणाला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला आंब्यातल्या साक्याबद्दल विचारायचं असतं, कुणाला वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्यांना लिहायचं असतं. ओळख नसते, मध्ये कुणी सांगणारं नसतं, हातात फक्त फोन असतो. "ताई, काय लिहू?" असं विचारतात. मी विचारते, "त्यांनी अलीकडे काय लिहिलंय, ते वाचलंस?" इथे बहुतेक जण गप्प होतात.

त्यांना मी जे करायला लावते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण एकाच मुलीचं घेते, कारण तिच्या बाबतीत प्रत्येक पायरी नीट दिसली. ती भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेल्या आकृत्या आहेत. त्या विषयावर काम करणाऱ्या पुण्याच्या एका संशोधक बाईंना तिला लिहायचं होतं. तिने लिहून आणलेला पहिला मजकूर असा होता:

"नमस्कार मॅडम, मी आपल्या कार्याने खूप प्रभावित झाले आहे. कातळशिल्पांबाबतचे आपले योगदान अमूल्य आहे. मलाही या क्षेत्रात काम करायला आवडेल. कृपया मार्गदर्शन करावे."

यात खोटं काहीच नव्हतं. पण हाच मजकूर कासवांवर काम करणाऱ्या माणसालाही जसाच्या तसा पाठवता आला असता, फक्त एक शब्द बदलावा लागला असता. शिवाय शेवटच्या वाक्याला उत्तर देणं कुणालाच शक्य नव्हतं. मार्गदर्शन कशाबद्दल, कुठून सुरू करायचं, हे बाईंनी ओळखायचं कसं? २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. तेव्हापासून या विषयातल्या माणसांकडे असे मेसेज ढिगाने येत असणार, आणि त्या ढिगात हा एक आणखी पडला असता.

आधी त्यांचं स्वतःचं वेगळं काढा

मी तिला सांगितलं, एक तास काढ, जास्त नको. गेल्या आठ-दहा महिन्यांतल्या पोस्ट नव्याकडून जुन्याकडे वाचत जा आणि एक लेख पूर्ण वाच. अलीकडचंच वाचायला सांगते त्याला कारण आहे. अभ्यासाचा विषय सरकत असतो. पाच वर्षांपूर्वी जो माणूस चित्रांच्या नोंदी करत होता, तो आज चिऱ्याच्या खाणींपासून ती चित्रं वाचवायच्या खटपटीत असू शकतो. जुन्या कामाचं कौतुक वाचून त्याला वाईट वाटणार नाही, पण ज्या प्रश्नाशी तो आज झगडतोय, त्याच्या जवळही तुमचा मेसेज पोचणार नाही.

बाईंच्या प्रोफाइलवर त्या काळातल्या अकरा पोस्ट होत्या. त्यांतल्या चार म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या पुढे पाठवलेल्या, दोन व्याख्यानांच्या घोषणा, एक जुना फोटो. त्यांनी स्वतः विचार करून लिहिलेल्या अशा चारच उरल्या. लेख दोन होते, एक एकटीचा आणि एक तिघांनी मिळून लिहिलेला. ही छाननी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

या मुलीचीच होणार होती. तिला एका बातमीचा मथळा फार आवडला होता. त्यात ही शिल्पं अमुक हजार वर्षांपूर्वीची असल्याचं ठासून लिहिलं होतं आणि खाली बाईंचा फोटो होता. तिने मसुद्यात लिहिलं, "आपण शिल्पांचे वय शोधून काढलेत हे वाचून अभिमान वाटला." मग मी तिला बाईंचा लेख उघडायला लावला. त्यात बाईंनी अगदी उलट सावधपणा ठेवला होता. कातळावर कोरलेल्या रेषेत कार्बनच्या पद्धतीने मोजता येईल असं काही शिल्लक नसतं. त्यामुळे चित्रांतले प्राणी, कोरण्याची धाटणी, आसपास मिळणारी दगडी हत्यारं यांवरून अंदाज बांधावा लागतो. आता कोकणात दिसत नाही असा गेंडा जिथे कोरलेला आढळतो, तिथे तो मोठा दुवा ठरतो. पण नक्की वय सांगणं अवघड आहे, असंच त्यांनी लिहिलं होतं. मथळा बातमीदाराचा होता. तो मेसेज गेला असता तर बाईंना वाचताक्षणी कळलं असतं की हिने आपलं काही वाचलेलं नाही.

म्हणून माझा नियम असा आहे. बातमीत एखाद्याच्या तोंडी घातलेलं वाक्य त्याचं म्हणून धरायचं नाही. ते त्याच्या स्वतःच्या लिखाणात सापडलं तरच वापरायचं. लेखातही एक फसवी जागा असते. "काही अभ्यासकांच्या मते" असं म्हणून लेखक दुसऱ्याचं मत मांडतो आणि पुढच्या परिच्छेदात ते खोडतो. घाईत वाचणारा ते खोडलेलं मतच लेखकाचं म्हणून उचलतो. एखादं वाक्य आवडलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद पुन्हा वाचायचा, एवढं केलं तरी ही चूक टळते. आणि लेख तिघांचा असेल तर "तुमचा लेख" असं न लिहिता "तुम्ही तिघांनी लिहिलेला लेख" असं लिहावं. खाचांची मोजणी कुणी केली आणि रेखाटनं कुणी काढली, हे आपल्याला माहीत नसतं.

नावाचीही खात्री करावी. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका लेखकाला त्यांच्या लेखाबद्दल भरभरून लिहिलं होतं. तो लेख त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा निघाला. त्यांनी अतिशय सौजन्याने कळवलं, पण त्यानंतर त्यांना लिहायचं धाडस मला झालं नाही. ते मला अजून लागून राहिलंय. लेखाखालची संस्था आणि प्रोफाइलवरची संस्था एकच आहे का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडे एकाच आडनावाची अख्खी वाडी असते, त्यामुळे ती दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

वाचताना काय टिपायचं

वहीचं पान घ्या आणि उभ्या दोन रेघा मारून तीन भाग करा. पहिल्या भागात त्यांचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह. दुसऱ्यात, ते वाचून तुम्हाला तुमच्या पाहण्यातलं काय आठवलं ते. तिसऱ्यात, काय समजलं नाही ते. मधला भाग बराच वेळ रिकामा राहतो. राहू द्या. तो ओढूनताणून भरला की मेसेज खोटा होतो.

त्या मुलीच्या पानावर पहिल्या भागात सात नोंदी झाल्या. मधल्या भागात फक्त दोन. त्यांतली एक साधी होती. बाईंनी एका पोस्टमध्ये वणव्यानंतर सडा काळा पडतो आणि चित्रं वेगळी दिसतात असं लिहिलं होतं, आणि हिनेही ते पाहिलं होतं. दुसरी मात्र वेगळी निघाली. डिसेंबरच्या लेखात बाईंनी उथळ रेषांबद्दल लिहिलं होतं. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना चित्रं सपाट दिसतात, म्हणून त्या सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात फोटो घेतात. तेव्हा रेषेच्या एका काठाची सावली पडते आणि आकृती उठून दिसते. तरी काही रेषा इतक्या झिजल्या आहेत की तिरक्या उन्हातही त्या हाती लागत नाहीत, असं शेवटी म्हटलं होतं. सगळ्या नोंदी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घेतलेल्या होत्या.

ही तिथे थांबली. म्हणाली, "ताई, पावसात त्या दिसतात की." तिचे आजोबा गुरं घेऊन सड्यावर जायचे आणि लहानपणी ही त्यांच्यामागे जायची. श्रावणात एखादी सर येऊन थांबली आणि ऊन पडलं की वरचा कातळ भराभर सुकतो. पण कोरलेल्या खाचेत पाणी राहतं आणि तेवढा वेळ रेषा काळ्याभोर दिसतात. एका जनावराची शेपटी तिने फक्त तेव्हाच पाहिली होती, उन्हाळ्यात ती दिसतच नाही.

मी तिला म्हटलं, तुझा मेसेज हा आहे. बाकीच्या सहा नोंदी पानावर राहू देत.

कुठली नोंद निवडायची याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या पोस्टला सगळ्यात जास्त लोकांनी दाद दिली, तिच्याकडे जाऊ नका, तिथे गर्दी असते. जिथे लिहिणारा माणूस स्वतः अडलेला आहे, जिथे "हे अजून कळत नाही" किंवा "आधी मला असं वाटायचं, आता वाटत नाही" असं त्याने लिहिलंय, तिथे थांबा. अशी जागा बहुधा लेखाच्या शेवटच्या चौथ्या भागात असते. बातम्या लेखाच्या सुरुवातीवरून होतात, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. तुमच्या मधल्या भागातली नोंद आणि त्यांची अडलेली जागा एकमेकींना भेटत असतील, तर लिहिण्याजोगं काहीतरी तुमच्याजवळ आहे.

भेटत नसतील तर? तर त्या दिवशी मेसेज पाठवू नका. दुसरा लेख वाचा किंवा सड्यावर जाऊन या. किंवा तिसऱ्या भागातला, न समजलेल्या गोष्टीचा प्रामाणिक प्रश्न घ्या. लेख नीट वाचून पडलेला प्रश्न हीसुद्धा मोठी दाद असते. लेखातच उत्तर असलेला प्रश्न मात्र विचारू नका. त्यासाठी पाठवण्याआधी लेखात तो शब्द शोधून पाहा.

काय वाचलं तरी लिहायचं नाही

पोस्ट वाचताना माणसाचं घरही दिसतं. मुलाचा वाढदिवस, आईचं आजारपण, गणपतीला गावी गेल्याचे फोटो. ते सगळ्यांना दिसतं म्हणून अनोळखी माणसाने पहिल्याच मेसेजमध्ये त्याचा उल्लेख करावा असं नाही. "आईंची तब्येत आता कशी आहे?" हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असलं तरी समोरच्याला आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटू शकतं. विशेषतः बाईमाणसाला. कामाबद्दल त्यांनी जे लोकांसमोर मांडलंय तेवढ्यापुरतंच राहावं. आणि त्यातलंही एकच घ्यावं. अकरा पोस्ट वाचल्याचा हिशोब द्यायचा नसतो.

कातळशिल्पांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. नव्या चित्राची नेमकी जागा कुणाच्या पोस्टखाली उघड्यावर लिहू नका. कातळ उघडा असतो, राखण नसते. लोक चित्रांवर चालतात, रेषा उठून दिसाव्यात म्हणून चुना नाहीतर खडू भरतात, आणि झीज वाढते. जागा सांगायचीच असेल तर ती खाजगीत आणि त्यांनी विचारल्यावर सांगावी. पहिल्या मेसेजमध्ये तालुका पुरे.

लिहिताना

शंभर-सव्वाशे शब्द, फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढं. क्रम मी असा ठेवायला सांगते: मी कोण आणि कुठली हे एका वाक्यात, मग त्यांची ती नेमकी गोष्ट, मग माझं पाहिलेलं, मग एक प्रश्न. प्रश्न असा हवा की दोन ओळींत उत्तर देता येईल. नोकरी, शिफारस, भेट, प्रकल्पात जागा, यातलं काहीही पहिल्या मेसेजमध्ये मागू नये. शेवटी मागणी आली की वरचं सगळं कौतुक त्या मागणीसाठीच होतं असं दिसायला लागतं, मग ते खरं असलं तरी.

ती तीन वेळा लिहून, खोडून शेवटी इथे पोचली:

"नमस्कार मॅडम, मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा डिसेंबरमधला उथळ रेषांवरचा लेख वाचला. काही रेषा सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हातही हाती लागत नाहीत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते वाचून आमच्या सड्यावरची एक गोष्ट आठवली. श्रावणात सर थांबून ऊन पडलं की कातळ लवकर सुकतो, पण कोरलेल्या खाचांत पाणी राहतं आणि तेवढा वेळ रेषा काळ्या दिसतात. एका प्राण्याची शेपटी मी फक्त तेव्हाच पाहिली आहे. हे मोजलेलं नाही, गुरांमागे जाताना पाहिलेलं आहे. तुमच्या नोंदी हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या आहेत असं लेखात आहे. सर थांबल्यानंतरच्या वेळेत कुणी नोंदी घेतल्या आहेत का? लेखातला मोजमापाच्या पद्धतीचा भाग मला अजून पूर्ण समजलेला नाही, तो पुन्हा वाचते आहे."

यात कुठेही स्तुतीचा शब्द नाही. तिला आधी ते खटकलं. "निदान 'खूप छान लेख' तरी लिहू ना?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, लेखाचा शेवट लक्षात ठेवून तू त्यावर विचार केलास, ही दाद त्यांच्यापर्यंत पोचते. पण लेख वाचताना तुला खरंच एखाद्या ठिकाणी काही झालं असेल तर ते लिही, मी अडवणार नाही. तिला तसं काही सांगता येईना, म्हणून ते वाक्य आलं नाही. दुसऱ्या एखाद्याला येईल. कासवांवरच्या लेखाबद्दल लिहिणाऱ्या एका मुलाने लिहिलं होतं की अंड्यांभोवतीच्या वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं, हे वाचल्यावर तो संध्याकाळी मुद्दाम वाळूत हात घालून बसला. ते वाक्य ठेवावं असंच होतं.

त्या मुलीच्या मेसेजमधली दोन वाक्यं पाहा. "हे मोजलेलं नाही" आणि "पूर्ण समजलेला नाही". अशी कबुली द्यायला मुलं घाबरतात. पण अभ्यासकाला तीच उपयोगी पडते, कारण कुठली माहिती कितपत धरायची हे त्याला तिच्यावरूनच कळतं. नुसता सारांश वाचला असेल तर "सारांश आणि आकृत्या वाचल्या" असं लिहावं. "मी आपलं सगळं लिखाण नेहमी वाचते" हे वाक्य काल प्रोफाइल सापडलेल्या माणसाने लिहू नये. पुढच्याच उत्तरात त्यांनी जुन्या एखाद्या लेखाचा विषय काढला की ते उघडं पडतं.

पाठवण्याआधी एक तपासणी करते. मेसेजमधून त्यांचं नाव झाकायचं आणि त्या विषयातल्या दुसऱ्या कुणाला तो चालेल का ते बघायचं. वरचा मेसेज चालत नाही, कारण डिसेंबरचा तो लेख एकाच व्यक्तीचा आहे. मग मोठ्याने वाचायचा. तोंडात अडखळणारं वाक्य बहुधा कुठून तरी उचललेलं असतं. "आपल्या बहुमूल्य मार्गदर्शनाची अपेक्षा" हे आपण बोलताना कधी म्हणतो का? फोटो लगेच जोडू नका, विशेषतः बारा-पंधरा एकदम. "फोटो हवे असतील तर पाठवते" एवढं पुरतं, आणि तेही खरंच फोटो असतील तर. या मुलीकडे नव्हते, म्हणून तिने ते लिहिलं नाही.

पाठवल्यानंतर

कातळावर काम करणारी माणसं पावसाळा सरला की मेपर्यंत बाहेर फिरत असतात. बऱ्याच सड्यांवर फोनला रेंज नसते. त्यामुळे दोन आठवडे काही न आल्यास त्याचा अर्थ लावत बसू नये. त्यानंतर एकदाच, दोन ओळींत आठवण द्यावी. तीही नुसती "माझा मेसेज पाहिलात का?" अशी नको. मधल्या काळात काही नवीन पाहिलं असेल तर ते लिहावं. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर तिथे थांबावं. त्यांच्या सहकाऱ्यांना लिहून "मॅडमना सांगा" असं करू नये.

त्या मुलीला सोळाव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी होत्या. पावसाळ्यात त्यांच्यापैकी कुणी पद्धतशीर नोंद घेतलेली नव्हती. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या: पाणी साधारण किती मिनिटं टिकतं, आणि फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवता येईल का. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. सडा करडाच्या गवताने पिवळा पडलेला, पाण्याचा थेंब नव्हता. तिला वाटलं, आता काहीतरी अंदाजाने सांगून टाकावं, अर्धा तास वगैरे. मी म्हटलं, जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिही आणि कधी कळेल ते लिही. तिने त्याच दिवशी कळवलं की मिनिटं तिने कधी पाहिलेली नाहीत, पाऊस सुरू झाला की पाहून लिहील.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी, छत्री आणि आजोबांना घेऊन सड्यावर गेली. सर थांबली तेव्हा घड्याळ लावलं आणि दर पाच मिनिटांनी एकाच जागेवरून फोटो घेतला, पट्टी त्या शेपटीशेजारी ठेवून. पहिल्या दिवशी मध्येच दुसरी सर आली आणि सगळं फुकट गेलं. तिसऱ्या खेपेला जमलं. ते नऊ फोटो तिने वेळेसकट बाईंना पाठवले, आणि पहिल्या दोन दिवशी काय बिघडलं तेही खाली लिहिलं.